पहिल्या पानावरच्या किमती

छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाखाली पाच जिल्हे येतात : संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली. या पाचही जिल्ह्यांत बारावी विज्ञानाच्या मुलांना भौतिकशास्त्राची जी प्रश्नपत्रिका मिळते, तिचं पहिलं पान सूचनांचं असतं. पेपर ७० गुणांचा, वेळ तीन तास, भाग चार. कॅल्क्युलेटर चालणार नाही, लॉग टेबल चालेल. याच सूचनांमध्ये एक छोटी यादी असते, भौतिक स्थिरांकांची. दरवर्षी ती हुबेहूब तीच नसते. कधी दोनच किमती असतात, कधी पाच-सहा. साधारण अशा :

```
π  = 3.142
g  = 9.8 m/s²
h  = 6.63 × 10⁻³⁴ J s
c  = 3 × 10⁸ m/s
ε₀ = 8.85 × 10⁻¹² C²/N m²
μ₀ = 4π × 10⁻⁷ Wb/A m
```

बहुतेक मुलं हे पान वाचत नाहीत. सूचना दरवर्षी त्याच असतात आणि सराव परीक्षांमध्ये त्या डोळ्यांखालून गेलेल्या असतात, म्हणून पान उलटून थेट बहुपर्यायी प्रश्नांना हात घातला जातो. पुढे गणित आलं की मुलं किंमत डोक्यातून काढतात. डोक्यातली किंमत सहसा चुकीची नसते, पण ती वेगळी असते. बारावीला राज्य मंडळ आणि त्याच्या जोडीला सीईटी, जेईई, नीट असा सगळा अभ्यास एकाच वेळी चाललेला असतो. तिथे भराभर उत्तर काढायला शिकवलेले आकडे इथे लेखी गणितात उतरतात. g म्हणजे १०, π वर्ग म्हणजे १०, आणि hc म्हणजे १२४००. बहुतेक गणितांत यानं फारसं बिघडत नाही. जिथे बिघडतं ती जागा नीट पाहण्यासारखी आहे.

प्रकाशविद्युत परिणामाचं एक साधं गणित घेऊ. एका धातूचं कार्यफल, म्हणजे वर्क फंक्शन, २.९ eV आहे. त्यावर ४००० Å तरंगलांबीचा प्रकाश पडतो. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त गतिज ऊर्जा किती? सूत्र सगळ्यांना पाठ असतं : फोटॉनची ऊर्जा वजा कार्यफल. h आणि c पानावर आहेत. e ची किंमत, 1.6 × 10⁻¹⁹ C, कधी पानावर असते, कधी प्रश्नाखाली कंसात दिलेली असते. फोटॉनची ऊर्जा अशी येते :

```
E = hc/λ
  = (6.63 × 10⁻³⁴ × 3 × 10⁸) / (4 × 10⁻⁷)
  = 4.9725 × 10⁻¹⁹ J
  = 4.9725 × 10⁻¹⁹ / (1.6 × 10⁻¹⁹) = 3.108 eV

K = 3.108 − 2.9 = 0.208 eV
```

आता हेच गणित क्लासमधल्या सोप्या रीतीनं करू. तिथे ज्यूलमध्ये जातच नाहीत. १२४०० ला अँगस्ट्रॉममधल्या तरंगलांबीनं भागलं की ऊर्जा थेट eV मध्ये मिळते. १२४०० भागिले ४००० म्हणजे ३.१००, आणि गतिज ऊर्जा ०.२०० eV. काही पुस्तकांत h ची किंमत ६.६ धरलेली असते. त्यावरून १२३७५ हा आकडा निघतो, फोटॉनची ऊर्जा ३.०९४ येते आणि गतिज ऊर्जा ०.१९४. एकाच प्रश्नाची तीन उत्तरं झाली : ०.२०८, ०.२०० आणि ०.१९४.

फोटॉनच्या ऊर्जेत फरक होता जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. ३.१०८ आणि ३.०९४ हे आकडे शेजारी ठेवले तर कोणी त्याकडे लक्षही देणार नाही. पण नंतर त्यातून २.९ वजा झाले. जवळजवळच्या दोन संख्यांची वजाबाकी केली की मोठा भाग निघून जातो आणि मागे उरलेल्या छोट्या आकड्यात तो जुना फरक तसाच्या तसा राहतो. म्हणून अर्ध्या टक्क्याचा फरक इथे सात टक्क्यांवर गेला. पहिल्या पानावरची किंमत काटेकोरपणे कुठे वापरायची, हे यावरून ठरवता येतं. नुसता गुणाकार-भागाकार असेल तिथे किमतीतला छोटा फरक उत्तरात छोटाच राहतो. शेवटी वजाबाकी असेल, तर पानावरचीच किंमत घ्यायची आणि मधल्या पायरीत चार अंक सांभाळायचे.

या तिन्हींपैकी खरं उत्तर कोणतं, असं एखादी चौकस मुलगी विचारेल. प्रश्न रास्त आहे. प्रकाशाचा वेग पानावर 3 × 10⁸ दिलाय, खरा तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. म्हणजे पानावरची किंमत सुमारे ०.०७ टक्क्यानं जास्त आहे. h ची खरी किंमत २० मे २०१९ पासून व्याख्येनंच निश्चित झाली : 6.62607015 × 10⁻³⁴ J s. पानावरची ६.६३ सुमारे ०.०६ टक्क्यानं जास्त. e खरा 1.602 × 10⁻¹⁹, पानावर १.६, म्हणजे जवळजवळ ०.१४ टक्क्यानं कमी. पण e आपल्या गणितात छेदात बसतो, त्यामुळे तो कमी असला की उत्तर वाढतं. थोडक्यात, तिन्ही किमतींमधली तफावत एकमेकींना खोडत नाही, एकाच दिशेला साचते. ०.०७, ०.०६ आणि ०.१४ मिळून होतात ०.२७ टक्के. पानावरच्या किमतींनी hc चा आकडा १२४३१ येतो, खरा आहे १२३९८ च्या आसपास. फरक काढून पाहा, तो तेवढाच भरतो.

म्हणजे निसर्गाच्या जवळचं उत्तर ०.२०० आहे आणि पेपरचं ०.२०८. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण पानावरच्या यादीचा अर्थ इथे उलगडतो. ती यादी विश्वाची मोजमापं सांगत नाही. या पेपरपुरत्या कोणत्या किमती धरायच्या, ते ती ठरवून देते. पेपर तपासणाऱ्याच्या हातात जी नमुना उत्तरं असतात, ती याच किमतींवरून काढलेली असतात. तपासणारा सूत्र, किमती घालणं, उत्तर आणि एकक अशा टप्प्यांनी गुण देतो. त्याला तुमच्या ओळींमधून ०.२०८ पर्यंत चालत जाता आलं पाहिजे. मधली ओळ न लिहिता एकदम १२४०० आले, तर हा आकडा कुठून आला हे कागदावर दिसत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कार्यफल २.९ असं दोनच अंकांत दिलेलं आहे. ते २.८५ ते २.९५ च्या दरम्यान कुठेही असू शकतं. मग ०.२०८ मधले शेवटचे दोन अंक खरं तर बोलण्याच्या लायकीचे नाहीत, उत्तर ०.२ इतकंच म्हणता येईल. प्रयोगशाळेत असाच विचार करावा लागतो. परीक्षेत मात्र दिलेल्या किमती बरोबर मानून गणित पूर्ण करायचं असतं, म्हणून तिथे ०.२०८ लिहायचं. दोन्ही ठिकाणचे नियम वेगळे आहेत, आणि हा फरक ज्याला कळला त्याला सार्थ अंकांचा धडा निम्मा कळला.

यादीतल्या π आणि μ₀ या दोन किमती जोडीनं पाहायच्या. μ₀ ची किंमत मुद्दाम 4π × 10⁻⁷ अशी लिहिलेली असते, गुणाकार करून 12.57 × 10⁻⁷ अशी नाही. कारण विद्युतप्रवाहाच्या चुंबकीय परिणामाच्या बऱ्याच सूत्रांमध्ये छेदात π असतो. लांब सरळ तारेपासून r अंतरावरचं चुंबकीय क्षेत्र घ्या :

```
B = μ₀ I / (2π r)
  = (4π × 10⁻⁷ × I) / (2π r)
  = 2 × 10⁻⁷ × I / r
```

π वर-खाली गेला आणि उरला नुसता २. पाच अँपिअर प्रवाह आणि १० सेंटिमीटर अंतर असेल तर उत्तर तोंडी येतं : 1 × 10⁻⁵ टेस्ला. पण यादीत π = ३.१४२ दिसलं म्हणून जो ते लगेच घालतो, तो वर १२.५७ करतो, खाली ६.२८४ करतो, दोन्हींचे लॉग काढतो आणि भागाकार करून २.०००३ किंवा असंच काहीतरी मिळवतो. कॅल्क्युलेटर नसलेल्या पेपरमध्ये ही दोन-तीन मिनिटं विनाकारण जातात. पानावर π दिला आहे म्हणजे तो प्रत्येक ठिकाणी वापरायचाच असं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत π हा π च राहू द्यावा. तिथेही तो उरला, तर मगच ३.१४२ घालावा. वर्तुळाकार कुंडलाच्या केंद्रावरचं क्षेत्र काढताना तो उरतो, कारण तिथे सूत्र `μ₀NI/2R` असतं आणि छेदात π नसतो.

ε₀ चंही असंच आहे. दोन प्रभारांमधल्या बलाच्या गणितात `1/4πε₀` साठी 9 × 10⁹ ही किंमत मुलांना पाठ असते आणि ती वापरणं सोयीचं असतं. ८.८५ वरून काढली तर ती 8.99 × 10⁹ येते, फरक हजारात एकाचा. पण समांतर पट्ट्यांच्या संधारकाच्या सूत्रात, `C = ε₀A/d` मध्ये, ε₀ एकटा येतो. तिथे पानावरची ८.८५ सरळ घालायची.

आता g कडे येऊ. संभाजीनगर सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचावर. विषुववृत्ताकडे g कमी होत जातो आणि उंचीनंही थोडा घटतो. या दोन्हींचा हिशेब केला तर शहरातला g सुमारे ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान येतो. म्हणजे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लंबक टांगून अगदी काळजीपूर्वक मोजलं, तर ९.८ च्या किंचित खालचा आकडा मिळाला पाहिजे. पेपरमध्ये मात्र ९.८ च घ्यायचा, कारण पानावर तो आहे. १० घेतला तर दोन टक्क्यांचा फरक पडतो, आणि चार अंकी लॉग टेबलमध्ये दोन टक्के सहज दिसतात.

सेकंद लंबकाची लांबी काढायचं गणित यासाठी उत्तम आहे, कारण त्यात g आणि π दोन्ही पानावरून येतात. आवर्तकाल दोन सेकंद, म्हणून `T = 2π√(L/g)` वरून `L = g/π²`. आता लॉग टेबल उघडायचं. ९.८ साठी ९८ च्या ओळीत शून्याच्या स्तंभाखाली ९९१२ आहे. ३.१४२ साठी ३१ च्या ओळीत ४ खाली ४९६९ आणि मीन डिफरन्समध्ये २ खाली ३, मिळून ४९७२.

```
log 9.8      = 0.9912
2 log 3.142  = 2 × 0.4972 = 0.9944
log L        = 0.9912 − 0.9944 = −0.0032
             = −1 + 0.9968
L            = antilog(0.9968) × 10⁻¹ = 9.926 × 10⁻¹ = 0.9926 m
```

गाडी घसरते ती चौथ्या ओळीवर. उणे ०.००३२ आलं की घाईत उणे चिन्ह विसरलं जातं. अँटिलॉगच्या टेबलात .००३२ पाहिलं जातं आणि उत्तर येतं १.००७ मीटर. अँटिलॉगचं टेबल फक्त धन अपूर्णांकांसाठी असतं. म्हणून आधी १ मिळवून अपूर्णांक धन करायचा आणि तो मिळवलेला १ बार म्हणून बाजूला ठेवायचा. चूक पकडायची रीतही पानावरच्या किमतींतूनच मिळते. π वर्ग म्हणजे सुमारे ९.८७, आणि g आहे ९.८. लहान संख्येला मोठीनं भागलं आहे, म्हणजे उत्तर एकापेक्षा कमीच असलं पाहिजे. १.००७ आलं की लगेच परत चौथ्या ओळीवर जायचं. कॅल्क्युलेटर जवळ असता तर हे उत्तर ०.९९२७ आलं असतं. शेवटच्या अंकातला तो फरक चार अंकी टेबलाचा आहे, त्याची चिंता करू नये.

h किंवा ε₀ सारख्या किमतींबरोबर लॉग वापरताना मी एकच आग्रह धरीन : दहाचे घात लॉगमध्ये घालू नका. ६.६३ चा लॉग ०.८२१५, एवढंच घ्यायचं. 10⁻³⁴ चा बार चौतीस करून, त्यात दुसरे बार मिळवून, त्यातून आणखी एक बार वजा करताना चूक जवळजवळ ठरलेली असते. घात वेगळ्या ओळीत साधी बेरीज-वजाबाकी करून काढावेत आणि शेवटी जोडावेत. वरच्या प्रकाशविद्युत गणितात ते उणे ३४, अधिक ८, अधिक ७, म्हणजे उणे १९, इतकं सरळ आहे.

किमतीच्या पुढे लिहिलेलं एकक ही वाचायची दुसरी गोष्ट. उष्मागतिकीच्या गणितासाठी पानावर कधी पाण्याच्या बाष्पीभवनाचा सुप्त उष्मा दिलेला असतो, 2256 kJ/kg. समजा एक ग्रॅम पाण्याची सामान्य वातावरणीय दाबाला वाफ होते आहे आणि आकारमान १६७० घन सेंटिमीटरनं वाढतं. आंतरिक ऊर्जेतली वाढ हवी आहे. उष्णता `Q = mL`, म्हणजे 10⁻³ kg गुणिले 2256 kJ/kg. उत्तर २.२५६ kJ, म्हणजे २२५६ J. वाफेनं केलेलं कार्य `pΔV`, म्हणजे 1.013 × 10⁵ × 1670 × 10⁻⁶, सुमारे १६९ J. आंतरिक ऊर्जेतली वाढ २२५६ वजा १६९, म्हणजे २०८७ J. पानावरचा k नजरेतून सुटला तर Q राहतो २.२५६ आणि उत्तर येतं उणे १६७ च्या जवळपास. पाण्याला उष्णता देऊन त्याची वाफ केली आणि तिची आंतरिक ऊर्जा कमी झाली, असं होऊच शकत नाही. रेणूंना एकमेकांपासून दूर न्यायला ऊर्जा लागते, ती कुठेतरी साठलीच पाहिजे. उणे चिन्ह दिसताच पहिल्या पानाकडे जाऊन एकक पुन्हा वाचावं.

राज्य मंडळाच्या पानावर सूत्रं नसतात, फक्त किमती असतात. सीबीएसईच्या पेपरमध्येही सूत्रं नाहीत, पण तिथली स्थिरांकांची यादी लांब असते : इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉनची वस्तुमानं, आव्होगाड्रो संख्या, बोल्ट्झमनचा स्थिरांक, आणि ε₀ बरोबर `1/4πε₀` सुद्धा. केंब्रिज इंटरनॅशनलच्या ए लेव्हल भौतिकशास्त्राच्या पेपरमध्ये स्थिरांकांबरोबर सूत्रांचीही यादी छापलेली असते. तिथे प्रकाशाचा वेग 3.00 × 10⁸ असा लिहितात, 3 × 10⁸ असा नाही. त्या दोन शून्यांवरून किंमत तीन सार्थ अंकांपर्यंत धरायची हे कळतं. सूत्रांच्या यादीत `s = ut + ½at²` असतं, पण त्वरण स्थिर असेल तरच ते लागू पडतं हे विद्यार्थ्यालाच ठाऊक असावं लागतं. स्प्रिंगला टांगलेल्या वजनासाठी ते वापरलं तर यादी अडवत नाही.

पानाचा उपयोग करायचा तर पेपर हातात आल्यावर पहिलं मिनिट त्याला द्यावं. कोणती किंमत आहे आणि ती कोणत्या धड्याकडे बोट दाखवते ते पाहावं. h आणि c असतील तर प्रकाशाच्या द्वैत स्वरूपाचं किंवा अणूचं गणित आहे. सुप्त उष्मा असेल तर उष्मागतिकीचं. गणित सोडवताना दिलेल्या गोष्टींच्या ओळीत स्थिरांकही एककासह लिहावेत, म्हणजे पानं मागे-पुढे करताना ३४ चा ३१ होत नाही. यादीतली प्रत्येक किंमत कुठेतरी लागेलच असंही नाही. ज्या प्रश्नासाठी ती छापली, तो पर्यायी प्रश्न तुम्ही सोडून दिलेला असू शकतो.

आणि एखादी किंमत पानावर नसेल, प्रश्नाखालीही नसेल, तर हाताळण्याची रीत बदलते. समजा विचारलं आहे : हायड्रोजनच्या लायमन मालिकेतली सर्वांत मोठी तरंगलांबी १२१६ Å आहे, तर बामर मालिकेतली सर्वांत मोठी तरंगलांबी किती? सूत्रात रिडबर्ग स्थिरांक R आहे आणि R पानावर कुठेच नाही. इथे पाठ असलेली किंमत आठवत बसण्याआधी दोन्ही सूत्रं एकाखाली एक लिहून भागाकार करावा :

```
लायमन : 1/λ₁ = R (1/1² − 1/2²) = 3R/4
बामर  : 1/λ₂ = R (1/2² − 1/3²) = 5R/36

λ₂/λ₁ = (3/4) × (36/5) = 27/5 = 5.4
λ₂ = 5.4 × 1216 = 6566 Å
```

R आपोआप गेला. १२१६ दिला होता तो याचसाठी.